शेवट ठाऊक नसलेला डाव

ऑगस्ट १९४९ मध्ये सोव्हिएत रशियाने पहिली अणुचाचणी केली आणि अण्वस्त्रांवरची अमेरिकेची मक्तेदारी संपली. त्यानंतर जेमतेम पाच महिन्यांनी, जानेवारी १९५० मध्ये, कॅलिफोर्नियातल्या सांता मोनिका इथे दोन विद्वान माणसं एक पैशांचा खेळ खेळत होती. पैसे म्हणजे अक्षरशः चिल्लर, एका डावाला एखाददुसरा सेंट. खेळ भरवला होता रँड कॉर्पोरेशनने. ही संस्था अमेरिकी हवाई दलाच्या पैशावर चाले. दोन शत्रूंच्या हाती सारखंच भयंकर शस्त्र आलं तर शहाण्या माणसाने काय करावं, याचा विचार करायला तिने गणिती आणि अर्थशास्त्रज्ञ पदरी बाळगले होते.

त्यांच्या हातातलं हत्यार नवं होतं. जॉन फॉन नॉयमन आणि ऑस्कर मॉर्गनस्टर्न यांचा खेळांच्या सिद्धांतावरचा जाडजूड ग्रंथ १९४४ मध्ये आला होता. एकाचा फायदा म्हणजे दुसऱ्याचा तेवढाच तोटा, अशा खेळांचा हिशेब त्यात पक्का बसवला होता. पण जगातली बरीचशी भांडणं तशी नसतात. दोघांचंही भलं होऊ शकतं आणि दोघंही बुडू शकतात, अशा खेळांचं काय? त्याचं एक उत्तर प्रिन्स्टनमधल्या जॉन नॅश या विशीतल्या विद्यार्थ्याने नुकतंच दिलं होतं. समोरचा जे करतो आहे ते गृहीत धरलं, तर आपली चाल बदलून आपला काहीच फायदा होत नाही, आणि हेच दोघांच्याही बाबतीत खरं आहे, अशी जागा शोधायची. ती सापडली की खेळ तिथे स्थिरावेल. यालाच पुढे नॅशचा समतोल म्हणू लागले.

रँडमधल्या मेरिल फ्लड आणि मेल्विन ड्रेशर यांच्या मनात शंका आली, की खरी माणसं या समतोलापाशी जातात का? ते तपासायला त्यांनी मुद्दाम असा खेळ रचला, की समतोल एकीकडे आणि दोघांचं हित दुसरीकडे पडावं.

खेळाडू होते आर्मन अल्कियन आणि जॉन विल्यम्स. अल्कियन अर्थशास्त्रज्ञ, विल्यम्स रँडच्या गणित विभागाचे प्रमुख. प्रत्येक डावात दोघांनी एकमेकांशी न बोलता एकाच वेळी चाल निवडायची. एक चाल साथ देण्याची, दुसरी दगा देण्याची. दोघांनी साथ दिली तर अल्कियनना अर्धा सेंट आणि विल्यम्सना एक सेंट. दोघांनी दगा दिला तर अल्कियनना शून्य आणि विल्यम्सना अर्धा. एकाने साथ दिली आणि दुसऱ्याने दगा, तर साथ देणाऱ्याच्या खिशातून एक सेंट जाणार. दगा देणारे अल्कियन असतील तर त्यांना एक सेंट, विल्यम्स असतील तर दोन. आकडे मुद्दाम असमान ठेवले होते. पण गाभा एवढाच, की समोरचा काहीही करो, दगा देणाऱ्याला त्या डावात जास्तच मिळतं. म्हणून सिद्धांताप्रमाणे दोघांनी दगाच द्यायला हवा, आणि दोघांनी दगा दिला की दोघांनाही साथीपेक्षा कमी मिळतं.

असे शंभर डाव खेळायचे होते. शंभर हा आकडा दोघांना आधीच सांगितला होता. चाल निवडताना मनात काय आलं तेही प्रत्येकाने लिहून ठेवायचं होतं. ही टिपणं आज वाचताना गंमत वाटते. पहिल्याच डावात अल्कियन धरून चालले, की विल्यम्स दगा देणार. विल्यम्सनी साथ दिली, तेव्हा हा गृहस्थ करतोय तरी काय, असा प्रश्न त्यांना पडला. विल्यम्सना आकड्यांमुळे थोडा वरचष्मा होता आणि खेळाची दिशा त्यांना लवकर कळली. अल्कियननी दगा दिला की विल्यम्स पुढे दग्याने शिक्षा करत, मग पुन्हा साथीकडे येत, आणि दुसरा शहाणा व्हायची वाट पाहत. अल्कियन कुरकुरत होते, कारण साथीतही विल्यम्सना दुप्पट मिळत होतं. मधूनमधून ते दगा देऊन वाटणी सारखी करायला बघत.

शंभर डावांचा हिशेब असा लागला. अल्कियननी ६८ वेळा साथ दिली, विल्यम्सनी ७८ वेळा. दोघांनी एकाच वेळी साथ दिली असे ६० डाव झाले, आणि दोघांनी एकाच वेळी दगा दिला असे फक्त १४. अल्कियनना एकूण ४० सेंट मिळाले, विल्यम्सना ६५. नॅशच्या समतोलाला दोघं चिकटून राहिले असते तर आकडे शून्य आणि ५० झाले असते. डावाची लय सापडायला वेळ लागला, पण ८३ व्या डावापासून ९८ व्या डावापर्यंत दोघांनी सलग साथ दिली. शेवट दिसू लागला तेव्हा मात्र उलटायचं कधी, याचा विचार टिपणांमध्ये डोकावू लागला आणि साखळी तुटली.

फ्लड आणि ड्रेशर यांना वाटलं, नॅशचा समतोल हरला. नॅशनी निकाल पाहिला आणि त्यांचं म्हणणं मान्य केलं नाही. फ्लड यांच्या १९५२ च्या अहवालात नॅश यांचा अभिप्राय छापलेला आहे, आणि पुढच्या तीस वर्षांत जे घडलं त्याचं बीज त्या छोट्याशा मजकुरात आहे असं मला वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की हे शंभर वेगळे खेळ नव्हतेच, अनेक चालींचा मिळून तो एकच मोठा खेळ होता. काटेकोर तर्काने त्या मोठ्या खेळातही शेवटपर्यंत दगाच द्यायला हवा. पण शंभर डाव मागे मोजत जाण्याइतका तर्क कोणी लढवत नाही, त्यामुळे माणसं शेवट ठरलेला नसल्यासारखी वागतील, आणि अगदी अखेरीस थोडी मारामारी होईल. शेवट नसलेल्या खेळासाठी तर त्यांनी समतोलही सुचवला. समोरचा साथ देईल तोवर साथ द्यायची, त्याने एकदा दगा दिला की नंतर कायम दगा.

खेळ झाला त्याच वर्षी, १९५० च्या मे महिन्यात, नॅशचे मार्गदर्शक अल्बर्ट टकर स्टॅनफर्डमध्ये मानसशास्त्रज्ञांपुढे बोलणार होते. सेंटांच्या तक्त्याऐवजी गोष्ट सांगावी म्हणून त्यांनी वेगवेगळ्या खोल्यांत ठेवलेल्या दोन कैद्यांची गोष्ट रचली. दुसऱ्याविरुद्ध कबुली दे, तू सुटशील, असं पोलीस दोघांनाही सांगतात. तेव्हापासून या खेळाचं नाव कैद्यांचा पेच असं पडलं. गोष्ट इतकी चटकदार होती, की फ्लड आणि ड्रेशर यांचे सेंट मागे पडले. पण त्या गोष्टीने एक नुकसानही केलं. टकरचे कैदी एकदाच भेटतात. अल्कियन आणि विल्यम्स शंभर वेळा भेटले होते, आणि सगळी मेख तिथेच होती.

मागे मोजत जाण्याचा तर्क सोपा आहे. शंभरावा डाव शेवटचा. त्यानंतर कोणी शिक्षा करू शकत नाही, म्हणजे तो एकट्यादुकट्या डावासारखाच, त्यात दोघंही दगा देणार. ते नक्की असेल, तर ९९ व्या डावात चांगलं वागून शंभराव्यासाठी काही कमावता येत नाही. म्हणजे ९९ व्यातही दगा. मग ९८ वा, मग ९७ वा, असं करत विणकाम शेवटच्या टाक्यापासून पहिल्यापर्यंत उसवत येतं. डंकन लूस आणि हॉवर्ड रायफा यांनी १९५७ च्या आपल्या ग्रंथात या तर्काची चर्चा केली आणि आपण स्वतः खेळलो तर असं वागणार नाही, अशी प्रांजळ कबुलीही दिली. तर्कात चूक नव्हती. फक्त कोणी वागत नव्हतं तसं.

शेवटचा डाव कोणता हेच माहीत नसेल तर? मग उसवायला टोकच सापडत नाही. प्रत्येक डावानंतर आणखी एक डाव असण्याची शक्यता राहते, म्हणून आज दिलेल्या दग्याची किंमत उद्या मोजावी लागेल ही भीतीही राहते. रॉबर्ट ऑमन यांनी १९५९ मध्ये अनंत डावांच्या खेळाचं गणित नीट मांडलं. त्या काळच्या खेळ-गणितज्ञांमध्ये ही गोष्ट इतकी बोलली जात होती, की मूळ कोणाचं हे सांगता येईना, म्हणून तिला लोकप्रमेय असंच नाव पडलं. पण प्रमेय जरा जास्तच उदार निघालं. भेटी पुरेशा लांबल्या तर साथ टिकू शकते असं ते सांगतं, आणि त्याच दमात कायमचा दगाही टिकू शकतो असं सांगतं. खऱ्या खेळाडूने सकाळी उठून नेमकं कसं वागावं, हे त्यातून कळत नाही.

ते कळावं म्हणून मिशिगन विद्यापीठातले राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट ॲक्सलरॉड यांनी एक वेगळीच वाट धरली. प्रमेय सिद्ध करण्याऐवजी त्यांनी स्पर्धा भरवली. या पेचावर लेखन केलेल्या तज्ज्ञांना त्यांनी पत्रं धाडली, की तुमची खेळण्याची रीत संगणकाच्या प्रोग्रॅममध्ये लिहून पाठवा, मी सगळ्यांना एकमेकांशी खेळवतो. अर्थशास्त्र, मानसशास्त्र, गणित, राज्यशास्त्र आणि समाजशास्त्र या क्षेत्रांतून १४ प्रोग्रॅम आले. नाणं उडवल्यासारखा अंदाधुंद खेळणारा पंधरावा ॲक्सलरॉड यांनीच घातला. दोघांनी साथ दिली तर प्रत्येकी तीन गुण, दोघांनी दगा दिला तर प्रत्येकी एक, आणि एकट्याने दगा दिला तर त्याला पाच व दुसऱ्याला शून्य. प्रत्येक सामना २०० डावांचा.

सगळ्यांत लहान प्रोग्रॅम टोरांटोहून आला होता. पाठवणारे होते अनातोल रापोपोर्ट. १९११ साली आजच्या युक्रेनमध्ये जन्मलेले रापोपोर्ट व्हिएन्नात पियानो शिकून मैफली करणारे वादक झाले, मग गणिताकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी हवाई दलात असताना काही काळ ते भारतातही होते. १९६५ मध्ये अल्बर्ट चामा यांच्यासोबत त्यांनी या पेचावर एक अख्खं पुस्तक लिहिलं होतं. त्यासाठी त्यांनी विद्यार्थ्यांच्या जोड्यांना शेकडो डाव खेळायला लावलं होतं, म्हणजे या विषयात त्यांच्याइतका मुरलेला माणूस स्पर्धेत दुसरा नव्हता. त्यांच्या प्रोग्रॅमची रीत अशी, की पहिल्या डावात साथ द्यायची आणि त्यापुढे समोरच्याने मागच्या डावात जे केलं तेच करायचं. जशास तसे.

जशास तसे पहिला आला. सामन्यामागे सरासरी ५०४.५ गुण. ॲक्सलरॉड यांना जास्त आश्चर्य वाटलं ते निकालाच्या रचनेचं. जे प्रोग्रॅम आपण होऊन पहिला दगा देत नव्हते, असे आठही वरच्या आठ जागांवर होते, त्यांचे गुण ४७२ ते ५०४ च्या दरम्यान. आगळीक करणाऱ्यांतला सर्वांत चांगला ४०१ वर थांबला. मध्ये मोकळी दरी.

ती दरी का पडली, हे एका सामन्यातून स्पष्ट दिसतं. झुरिकचे गणिती योहान योस यांनी जशास तसेमध्ये थोडी चलाखी मिसळली होती. समोरच्याने साथ दिली की आपणही द्यायची, पण दहातून एकदा गुपचूप दगा द्यायचा. अधूनमधून पाच गुण पदरात पडले तर बिघडलं काय? पहिले पाच डाव दोघांची साथ झाली. सहाव्या डावात योसच्या प्रोग्रॅमने दगा दिला. सातव्यात जशास तसेने त्याची परतफेड केली, त्याच डावात योस मात्र समोरच्याची सहाव्यातली साथ पाहून साथ देत होता. आठव्यात योसने सातव्यातल्या दग्याची परतफेड केली, आणि तेव्हा जशास तसे योसची साथ परत करत होता. एक दगा असा चेंडूसारखा इकडून तिकडे जात राहिला. मग २५ व्या डावात योसने पुन्हा आपणहून दगा दिला. त्या डावात जशास तसेचीही परतफेडीची पाळी होती. आता दोघांच्याही मागच्या चालीत दगा, म्हणून पुढच्या चालीत दगा, आणि तेच २०० व्या डावापर्यंत. शेवटी योसला २४१ गुण, जशास तसेला २३६. योस सामना जिंकला. पण दोघांनी शेवटपर्यंत साथ दिली असती तर प्रत्येकाला ६०० मिळाले असते.

जशास तसेचं विचित्र वैशिष्ट्य यात दिसतं. समोरासमोरच्या सामन्यात तो कधीच कोणापेक्षा जास्त गुण मिळवू शकत नाही. फार तर बरोबरी, नाहीतर थोडा मागे. पहिला दगा त्याचा नसतो आणि तो मिळालेल्यापेक्षा जास्त दगे परत करत नाही, मग पुढे जाणार कसा? त्याची बेरीज मोठी होते कारण तो समोरच्याकडून साथ काढून घेतो. बाकीचे एकमेकांना हरवण्याच्या नादात दोनशे-अडीचशे गुणांवर रुतले असताना हा एकेका सामन्यात सहाशेच्या जवळ जात होता.

तरीही पहिल्या स्पर्धेत एक खोट होती. सामना २०० डावांचा आहे हे सगळ्यांना माहीत होतं. शेवटच्या एखाददुसऱ्या डावात दगा देणाऱ्यालाही ॲक्सलरॉड यांना पहिला दगा न देणाऱ्या सभ्यांत मोजावं लागलं. म्हणून दुसऱ्या स्पर्धेत त्यांनी डावांची संख्याच सांगितली नाही. प्रत्येक डावानंतर सामना तिथेच संपण्याची शक्यता ०.००३४६ ठेवली, म्हणजे २०० डावांपर्यंत पोचण्याची शक्यता साधारण निम्मी. प्रत्यक्षात सोडतीने निघालेले पाच सामने ६३, ७७, १५१, १५६ आणि ३०८ डावांचे होते. कोणता डाव शेवटचा, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पहिल्या स्पर्धेचा सविस्तर निकाल सर्वांना आधी पाठवला होता. जशास तसे कसा जिंकला आणि कुठे कमी पडला, हे सगळ्यांनी वाचलं होतं. सहा देशांतून ६२ प्रोग्रॅम आले, त्यांत प्राध्यापक होते आणि एक दहा वर्षांचा संगणकवेडा मुलगाही होता. नामांकित जीवशास्त्रज्ञ जॉन मेनार्ड स्मिथ यांनी आणखी क्षमाशील रीत पाठवली, ज्यात समोरच्याने लागोपाठ दोन दगे दिले तरच उत्तर द्यायचं. पहिल्या स्पर्धेत ती उतरली असती तर जिंकली असती, असं ॲक्सलरॉड यांनीच दाखवून दिलं होतं. पण या वेळी क्षमेचा गैरफायदा घ्यायला टपलेले प्रोग्रॅम मैदानात होते, आणि ती २४ व्या जागेवर गेली. रापोपोर्ट यांनी पुन्हा तोच प्रोग्रॅम पाठवला, एक अक्षर न बदलता. दुसऱ्या कोणीही तो पाठवला नव्हता. तो पुन्हा पहिला आला.

दोन्ही स्पर्धांचे निबंध १९८० मध्ये छापले गेले, आणि पुढच्या वर्षी ॲक्सलरॉड यांनी जीवशास्त्रज्ञ विल्यम हॅमिल्टन यांच्यासोबत ‘सायन्स’ या नियतकालिकात लेख लिहिला. स्पर्धांच्या गडबडीत थोडं झाकलं गेलेलं गणित त्यांच्या या लिखाणात स्पष्ट होतं. समजा पुन्हा भेट होण्याची शक्यता दर वेळी दहात नऊ आहे, आणि समोर जशास तसे उभा आहे. तुम्ही कायम साथ दिलीत तर सरासरी ३० गुण मिळतील. कायम दगा दिलात तर पहिल्या डावात पाच आणि पुढे एकेक करत सरासरी १४. एक दगा, एक साथ अशी पाळी लावलीत तरी साधारण २६. साथच फायद्याची. आता पुन्हा भेटण्याची शक्यता निम्म्यावर आणा. साथीचे सहा गुण, कायम दग्याचेही सहाच, आणि आळीपाळीच्या दग्याला सहाहून जास्त. साथ कोसळली. या गुणांसाठी सीमारेषा दोन तृतीयांशावर पडते. पुढच्या भेटीची शक्यता त्याहून कमी झाली की जशास तसे कोणालाही धाकात ठेवू शकत नाही. खेळाडू तेच, त्यांची वृत्ती तीच, फक्त पुढच्या भेटीची आशा ओसरली.

माणसांच्या जगात याचा पुरावा ॲक्सलरॉड यांना ब्रिटिश समाजशास्त्रज्ञ टोनी ॲशवर्थ यांच्या पुस्तकात सापडला. पहिल्या महायुद्धात पश्चिम आघाडीवर ठिकठिकाणी समोरासमोरच्या खंदकांत एकमेकांना जगू देण्याची मूक तडजोड चालत असे. जेवणाच्या वेळी गोळीबार नाही, शिधा आणणाऱ्यांवर तोफ नाही. ॲशवर्थ यांनी सैनिकांच्या रोजनिशा, पत्रं आणि आठवणी चाळून ती दाखवून दिली. फिरत्या लढाईत हे शक्य नव्हतं, कारण तिथे आज दिसलेली तुकडी उद्या दिसत नसे. खंदकात तीच माणसं तिथेच आठवडेच्या आठवडे समोर असत. निशाणबाज भिंतीवरच्या एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा गोळ्या मारून दाखवत, की मनात आणलं तर काय करू शकतो ते बघा. तुकडी बदलताना जाणारे येणाऱ्यांना तिथली वहिवाट समजावून देत. ही तडजोड मुख्यालयाच्या उपदेशाने मोडली नाही, कोर्टमार्शलच्या धाकानेही पुरती मोडली नाही. मोडली ती ठरवून घातलेल्या छाप्यांमुळे. तोफ मुद्दाम चुकवून डागता येते, पण छाप्याला गेलेल्या तुकडीने कैदी किंवा प्रेतं आणली नाहीत तर खोटेपणा उघडा पडतो. एका छाप्याला दुसऱ्या छाप्याचं उत्तर मिळू लागलं आणि १९१६ नंतर ही व्यवस्था विरत गेली. साथ देणाऱ्याच जशास तसेने मग वैराचा फेरा चालवला.

इथेच जशास तसेचं दुखणं आहे. संगणकात चाल चुकत नाही, माणसाची चुकते. दोन जशास तसे खेळत असताना एकाचा हात चुकून दग्यावर पडला, तर योसच्या सामन्यासारखाच दगा आळीपाळीने फिरू लागतो आणि तीन गुणांची सरासरी अडीचवर येते. दुसरी चूक झाली की कधी दोघं रुळावर येतात, कधी दोघं कायमच्या दग्यात अडकतात. चुकांचं प्रमाण अगदी किरकोळ असलं तरी दीर्घकाळात सरासरी २.२५ वर येऊन ठेपते. नाणं उडवून चाल ठरवणाऱ्या दोघांनाही तेवढेच मिळतात! मार्टिन नोवाक आणि कार्ल सिगमुंड यांनी १९९२ मध्ये दाखवलं, की अशा चुकांच्या जगात थोडी उदारता हवी. स्पर्धेच्या या गुणांसाठी साधारण तीन दग्यांपैकी एक सोडून द्यावा, त्यापेक्षा जास्त सोडलात तर लुबाडणारे घुसतात.

ॲक्सलरॉड यांचं पुस्तक १९८४ मध्ये आलं. शीतयुद्ध चालू असताना आलेलं हे पुस्तक खूप वाचलं गेलं आणि जशास तसे हीच सर्वांत चांगली रीत, असा समज पसरला. स्पर्धांनी ते सिद्ध केलेलं नाही. केन बिनमोर यांच्यासारख्या खेळ-गणितज्ञांनी ठणकावून सांगितलं, की निकाल मैदानात कोण उतरलं यावर ठरला आणि दुसरे प्रोग्रॅम आले असते तर विजेताही दुसरा असता. टीका बरोबर आहे. ॲक्सलरॉड यांच्या स्पर्धेच्या स्मरणार्थ २००४ मध्ये झालेल्या स्पर्धेत साउदम्प्टन विद्यापीठाच्या चमूने तब्बल ६० प्रोग्रॅम उतरवले. ते सुरुवातीच्या ठरावीक चालींवरून एकमेकांना ओळखत, आणि मग काही जण आपल्यातल्या निवडक म्होरक्यांसाठी स्वतःचे गुण मुद्दाम गमावत. वरच्या तिन्ही जागा त्यांनी पटकावल्या. जशास तसे मागे राहिला.

पण या टीकेने दोन हिशेब पुसले जात नाहीत. एक दोन तृतीयांशाच्या सीमारेषेचा, तो वर झाला. दुसरा मला त्याहून मोलाचा वाटतो. सगळे दगाबाज असलेल्या वस्तीत एकटा जशास तसे मेलाच समजा. त्याला पहिल्या डावात शून्य मिळतं, आणि पुढे तो बाकीच्यांसारखाच एकेक गुणावर राहतो. मात्र पुढच्या भेटीची शक्यता दहात नऊ असेल, तर दगाबाज एकमेकांशी सरासरी दहा गुण मिळवतात, जशास तसे त्यांच्याशी नऊ, आणि आपल्यासारख्याशी ३०. म्हणजे त्याच्या एकवीस भेटींपैकी एकीपेक्षा थोड्या जास्त भेटी आपल्यासारख्यांशी झाल्या, तरी तो दगाबाजांच्या पुढे जातो. उलट दिशेने हे घडत नाही. जशास तसेच्या वस्तीत दगाबाजांनी टोळीने शिरून पाहिलं तरी पुढच्या भेटीची आशा मोठी असेतोवर ते मागेच पडतात, कारण त्यांना एकमेकांकडून एकेक गुणच मिळतो. ॲक्सलरॉड यांच्या स्पर्धेतला विजेता पुढे बदलला, आणखीही बदलेल. हा हिशेब मात्र कोण जिंकलं यावर अवलंबून नाही.